शेंगतेलाचा साबण मऊ का पडतो? खोबरेल मिसळण्यामागचं कारण

कोल्हापूरकडं घाण्याचं शेंगतेल सहज मिळतं. पण नुसत्या शेंगतेलाचा साबण मऊ, चिकट पडतो. खोबरेलाचा टणक होतो, फेसही भरपूर देतो.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोडा त्या सोडवतो. सुटलेल्या साखळीला सोडियम मिळालं की झाला साबण.

खोबरेलात १२ कार्बनची आखूड साखळी जास्त, शेंगतेलात १८ कार्बनची. आखूड साखळ्या तेवढ्याच वजनात जास्त मावतात, म्हणून किलोभर खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगतेलाला १३६. शिवाय शेंगतेलाच्या बहुतेक साखळ्यांत दुहेरी बंध असतो. तिथं साखळी वाकते, शेजारणीला घट्ट खेटून बसत नाही. मऊपणा त्यातूनच येतो. हवा लागून असा साबण खवटही लवकर होतो.

मग सगळंच खोबरेल का नको? त्वचा फार कोरडी पडते. ७०० ग्रॅम शेंगतेल, ३०० ग्रॅम खोबरेल हा मेळ बरा. हिशेबानं सोडा ९५ अधिक ५५, म्हणजे १५० ग्रॅम. त्यात ५ टक्के कमी करून १४२ ग्रॅमच घ्या, म्हणजे सोडा शिल्लक राहून अंग भाजणार नाही. अंदाजपंचे नको, वजनकाटाच हवा.

सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलंही चालत नाही, सोडा ते खातो. हातमोजे, चष्मा घाला. वड्या महिनाभर वाळू द्या.