दोषवृक्ष (यंत्रबिघाडाची आकृती)

दोषवृक्ष म्हणजे यंत्रातला एक ठरावीक मोठा बिघाड कोणकोणत्या लहान बिघाडांच्या जुळणीतून घडू शकतो, हे दाखवणारी आकृती. मोठा बिघाड सर्वांत वर मांडतात, त्याला शिखर घटना म्हणतात. तिथून एकेक पायरी खाली उतरत ‘हे कशामुळे होईल?’ असे विचारत जातात. ज्या बिघाडाच्या आणखी खाली जाण्याची गरज उरत नाही आणि ज्याची संभाव्यता नोंदींवरून सांगता येते, तो मूळ घटना म्हणून वर्तुळात मांडतात. मधल्या घटना चौकटीत येतात आणि पायऱ्या एकमेकींना ‘अँड’ किंवा ‘ऑर’ गेटने जोडलेल्या असतात.

ही पद्धत एच. ए. वॉटसन यांनी 1962 साली अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये मांडली. मिनिटमन क्षेपणास्त्राची प्रक्षेपण-नियंत्रण यंत्रणा कितपत भरवशाची आहे, हे तपासायचे होते. पुढे बोइंग कंपनीने तिचा विस्तार केला आणि अणुऊर्जा क्षेत्राने ती उचलली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने 1981 साली काढलेली दोषवृक्षाची पुस्तिका आजही वापरात आहे. कारखान्यात मात्र या पद्धतीचा खरा कस लागतो तो रोजच्या यंत्रांवर, कारण तिथे सुधारणेचा पैसा मर्यादित असतो आणि तो कुठे घालायचा हे ठरवावे लागते.

एक उदाहरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये इंडक्शन भट्टी सर्रास दिसते. भट्टीच्या अस्तराभोवती तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल असते. तिच्यातून वीज वाहते आणि त्याच नळीतून थंड पाणी सतत फिरते. वितळलेले बीड 1400 अंश सेल्सिअसच्या वर असते, तर तांबे 1085 अंशांना वितळते. वीज गेली की कॉइलचे तापवणे थांबते, पण भट्टीतल्या धातूची उष्णता अस्तरातून कॉइलकडे येतच राहते. पाणी फिरायचे थांबले तर नळीत वाफ धरते, आधी रबरी होज आणि इन्सुलेशन जाते, मग कॉइल. फुटलेल्या कॉइलचे पाणी वितळलेल्या धातूखाली अडकले, तर स्फोट होतो. म्हणून वीज गेल्यावरही कॉइलला पाणी मिळावे यासाठी उंचावर आपत्कालीन टाकी ठेवतात. वॉल्व्ह उघडला की तिचे पाणी स्वतःच्या भाराने खाली येते.

शिखर घटना अशी लिहावी : ‘भट्टीत वितळलेला धातू असताना कॉइलला पाणी मिळत नाही.’ नुसते ‘कूलिंग फेल’ असे लिहिले तर रिकाम्या भट्टीचा पंप बंद पडणेही त्यात येते आणि झाड भलतीकडेच वाढते. पुढच्या आकृतीतले आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. ते आठ तासांच्या एका पाळीसाठी आहेत, आणि पाळीभर भट्टीत धातू असतो असे मानले आहे.

```
शिखर: कॉइलला पाणी नाही
└─ [अँड]
   ├─ मुख्य प्रवाह बंद
   │  └─ [ऑर]
   │     ├─ (वीज जाते)          0.02
   │     ├─ (गाळणी तुंबते)       0.0008
   │     └─ दोन्ही पंप बंद
   │        └─ [अँड]
   │           ├─ (चालू पंप बिघडतो)   0.005
   │           └─ (स्टँडबाय सुरू होत नाही) 0.04
   └─ टाकीचे पाणी येत नाही
      └─ [ऑर]
         ├─ (वॉल्व्ह जाम)         0.01
         └─ (टाकी रिकामी)        0.005
```

टाकीची नळी गाळणीच्या पुढे जोडलेली आहे, म्हणून गाळणी फक्त वरच्या फांदीत आली. पाइपलाइन प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय असे तपशील कागदावर नीट उतरत नाहीत.

गेट निवडताना दोन प्रश्न पुरतात. ही एकच घटना वरचा बिघाड घडवायला पुरेशी आहे का? असेल तर ऑर. ही घटना टळली तर वरचा बिघाड टळतो का? खालच्या प्रत्येक घटनेबद्दल याचे उत्तर ‘हो’ येत असेल तर अँड. चालू पंप बंद पडला तरी स्टँडबाय पाणी फिरवतो, म्हणून दोन पंप अँड गेटखाली बसले.

आकडेमोड

अँड गेटखालच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करतात. ऑर गेटखाली संभाव्यता लहान असतील तर बेरीज चालते. काटेकोर उत्तर बेरजेपेक्षा किंचित कमी येते, पण इथे तो फरक नगण्य आहे.

दोन्ही पंप बंद पडण्याची संभाव्यता 0.005 × 0.04 म्हणजे 0.0002. त्यात वीज आणि गाळणी मिळवली की मुख्य प्रवाह बंद होण्याची संभाव्यता 0.021 येते. टाकीच्या बाजूची बेरीज 0.015. शिखराशी या दोहोंचा गुणाकार 0.000315. वर्षाला 300 दिवस आणि तीन पाळ्या धरल्या तर 900 पाळ्या होतात, म्हणजे वर्षाला 0.28. साध्या भाषेत, साडेतीन वर्षांतून एकदा ही भट्टी पाण्याविना राहील. स्फोटाची शक्यता असलेल्या जागी हा आकडा अजिबात चालवून घेण्याजोगा नाही.

आता झाडातून बिघाडाच्या किमान जोड्या काढायच्या. शिखर घटना घडवायला पुरेशा असलेल्या, पण ज्यांतली एकही घटना वगळता येत नाही अशा या जोड्या असतात. इथे त्या सहा निघतात. ‘वीज जाते आणि वॉल्व्ह जाम’ ही एकच जोडी 0.0002 इतकी, म्हणजे एकूण धोक्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश. ‘वीज जाते आणि टाकी रिकामी’ हिचे 0.0001. पंपांच्या दोन जोड्यांचा वाटा मिळून शेकडा एकच भरतो.

हे कळले की खर्चाचा निर्णय बदलतो. पंप सारखा बिघडतो म्हणून मेंटेनन्सवाले तिसरा पंप मागतात, आणि उत्पादनासाठी ती मागणी रास्तही असेल. पण तिसऱ्या पंपाने पंपांची फांदी पूर्ण नाहीशी झाली असे धरले, तरी वर्षाचा आकडा 0.284 वरून जेमतेम 0.281 वर येतो. उलट वॉल्व्हकडे पाहा. न वापरलेला वॉल्व्ह गंजून जाम होतो आणि ते उघडायला जाईपर्यंत कोणालाच कळत नाही. असा छुपा बिघाड सरासरी 4000 पाळ्यांतून एकदा होत असेल आणि वॉल्व्ह दर 80 पाळ्यांनी, म्हणजे महिन्यातून एकदा, तपासला जात असेल, तर गरजेच्या क्षणी तो जाम सापडण्याची सरासरी संभाव्यता 80 ÷ 4000 च्या निम्मी, 0.01. झाडातला आकडा असाच आला आहे. तीच तपासणी आठवड्याला, 20 पाळ्यांनी केली तर तो 0.0025 होतो आणि शिखराची संभाव्यता निम्मी होते. सोबत टाकीला तळपातळीचा फ्लोट स्विच आणि भोंगा बसवून रिकाम्या टाकीची संभाव्यता 0.0005 वर आणली, तर साडेतीन वर्षांतून एकदा घडणारी घटना साडेसतरा वर्षांतून एकदा यावर जाते. यात एकही नवा पंप नाही.

जनरेटर जोडला आणि तो वीस वेळांतून एकदा सुरू होत नाही असे धरले, तर वीज जाण्याचा आकडा 0.001 होतो आणि शिखर घटना सुमारे 185 वर्षांतून एकदा इतकी दूर जाते. या टप्प्यावर आकड्यावर विसंबणे सोडावे. धोका इतका लहान दिसू लागला, की झाडात घ्यायच्या राहिलेल्या गोष्टीच खऱ्या धोक्याच्या ठरतात : टाकीची नळी आतून क्षाराने बुजलेली असणे, किंवा दुरुस्तीनंतर कोणी वेगळा वॉल्व्ह बंद ठेवून जाणे.

झाड चुकते कुठे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वतंत्र नसलेल्या घटनांचा गुणाकार. समजा, टाकीऐवजी आपत्कालीन पंप बसवला आणि तो मुख्य पंपांच्याच फीडरवर जोडला. आता ‘वीज जाते’ हे वर्तुळ झाडाच्या दोन्ही फांद्यांत येते. आपत्कालीन पंपाचा स्वतःचा बिघाड 0.01 धरून आंधळेपणाने गुणाकार केला तर 0.021 × 0.03, म्हणजे 0.00063 येतात. पण वीज एकदाच जाते आणि दोन्ही फांद्या एकदम तोडते. ती एकटीच शिखर घटना घडवते, म्हणून खरे उत्तर 0.02 पेक्षा किंचित जास्त आहे. कागदावर निघाला त्याच्या सुमारे 32 पट धोका प्रत्यक्षात आहे, वर्षाला अठरा वेळा. म्हणून गुणाकाराआधी प्रत्येक मूळ घटनेला एकच नाव द्यावे, ते नाव झाडात किती वेळा आले ते पाहावे आणि किमान जोड्या काढूनच हिशेब करावा. एकाच घटनेची जोडी उरली, तर तिथे दुसरा आधार नाही हे झाड स्वतःच सांगत असते.

तरी काही नाती नावावरून ओळखू येत नाहीत. टाकी भरणारा बोअरचा पंपही त्याच विजेवर असतो. रात्रभर वीज नसेल तर सकाळी टाकी अर्धीच भरलेली, आणि ‘वीज जाते’ व ‘टाकी रिकामी’ या घटना स्वतंत्र उरत नाहीत. दोन्ही पंपांची बेअरिंगे एकाच फिटरने एकाच दिवशी चुकीचे ग्रीस भरून बसवली, तर 0.005 × 0.04 हा गुणाकारही फसवा ठरतो. अशा समान कारणासाठी झाडात वेगळे वर्तुळ काढावे लागते.

साध्या दोषवृक्षाला घटनाक्रम आणि वेळ कळत नाही. वॉल्व्ह उघडला, पण नळीत वाफ धरल्यानंतर उघडला, हे त्यात ‘वॉल्व्ह उघडला’ असेच मोजले जाते. हाताने उघडायच्या वॉल्व्हपर्यंत अंधारात कोण आणि किती वेळात पोहोचतो, ही वेगळी मूळ घटना आहे आणि वरच्या आकृतीत ती घेतलेली नाही. खऱ्या भट्टीसाठी झाड काढताना ती घ्यावीच, आणि तिचा आकडा टेबलावर न ठरवता मुख्य स्विच पाडून, रात्रपाळीत, घड्याळ लावून काढावा. ही चाचणी भट्टी रिकामी आणि थंड असतानाच करावी.