चरम मूल्य सिद्धांत आणि पुच्छ-जोखीम

रोखे बाजारातील दैनंदिन परताव्यांचे वितरण काढले असता बहुतेक दिवस मध्याजवळ गोळा झालेले दिसतात आणि मोठ्या तोट्याचे मोजके दिवस एका टोकाला दूरवर विखुरलेले आढळतात. या टोकास वितरणाचे पुच्छ व तेथून उद्‌भवणाऱ्या धोक्यास पुच्छ-जोखीम असे म्हणतात. संपूर्ण वितरणास एकच वक्र न बसविता, ठराविक उंबरठा ओलांडणारे तोटेच वेगळे काढून त्यांच्या आधिक्यास स्वतंत्र वितरण बसविणे, ही या जोखमीच्या मापनाची एक प्रमुख पद्धत होय. तिचा उगम मात्र अर्थशास्त्रात झालेला नाही.

सुताचा धागा त्याच्या सर्वांत दुबळ्या भागी तुटतो. म्हणून धाग्याचे बळ म्हणजे अनेक भागांच्या बळांतील लघुतम मूल्य होय. इंग्लंडमधील कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करणारे एल. एच. सी. टिपेट यांच्यापुढे हा प्रश्न होता. त्यांनी व आर. ए. फिशर यांनी १९२८ मध्ये असे दाखविले की, मोठ्या नमुन्यातील महत्तम मूल्याचे वितरण योग्य प्रमाणन केल्यावर स्थिरावत असेल, तर ते तीनच प्रकारांपैकी एक असते. यांपैकी एक प्रकार फ्रेंच गणितज्ञ मॉरिस फ्रेशे यांना १९२७ मध्येच आढळला होता. ब. व. ग्नेदेन्को यांनी १९४३ मध्ये या प्रमेयाची काटेकोर सिद्धता दिली, तर एमिल गुम्बेल यांच्या १९५८ सालच्या ग्रंथामुळे ते अभियंत्यांच्या नित्य वापरात आले.

पूरमापनात या सिद्धांताची खरी कसोटी लागली. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने नेदर्लंड्समधील बांध फुटून १,८०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर नेमलेल्या समितीने हॉलंडच्या किनाऱ्यासाठी, कोणत्याही एका वर्षी ओलांडली जाण्याची संभाव्यता दहा हजारांत एक असेल अशी पाणपातळी आधारभूत मानली. उपलब्ध नोंदी मात्र काही दशकांच्याच होत्या. जे कधी पाहिलेले नाही त्याची उंची पाहिलेल्यावरून ठरविणे, हाच पुढे बाजाराच्या संदर्भातही मूळ प्रश्न ठरला.

प्रारंभीच्या पद्धतीत प्रत्येक वर्षातील एकच महत्तम मूल्य घेत असत. तिचा दोष उघड आहे. एखाद्या वादळी वर्षातील दुसरा व तिसरा मोठा पूर वगळला जातो, तर शांत वर्षातील क्षुल्लक महत्तमास स्थान मिळते. त्यामुळे जलशास्त्रज्ञ उंबरठ्यावरील सर्व पूर मोजण्याकडे वळले. या व्यवहारास भक्कम सैद्धांतिक आधार १९७४ मध्ये ए. ए. बाल्केमा व लॉरेन्स डी हान यांनी आणि १९७५ मध्ये जेम्स पिकँड्स यांनी दिला. उंबरठा पुरेसा उंच असल्यास, मूळ वितरण कोणतेही असले (काही सौम्य अटी वगळता), तरी त्यावरील आधिक्य एकाच कुलातील वितरणाजवळ जाते. यास व्यापकीकृत पारेतो वितरण म्हणतात. उंबरठा u व आधिक्य y असल्यास

P(X − u > y | X > u) ≈ (1 + ξy/β)^(−1/ξ)

येथे β हा प्रमाणाचा व ξ हा आकाराचा प्राचल होय. ξ शून्याकडे झुकल्यास पुच्छ घातांकी वेगाने विरते. Ξ धन असल्यास ते जड असते आणि ξ चे मूल्य १/२ वा त्याहून अधिक झाल्यास विचरण अनंत होते. मध्यभागाचा आकार या सूत्रात कोठेही येत नाही, हे त्याचे मर्म आहे. संपूर्ण वितरणास वक्र बसविताना हजारो सामान्य दिवस वक्राचा आकार ठरवितात आणि पुच्छाच्या वाट्याला उरेल ते येते.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी, सोमवारी, अमेरिकेतील स्टँडर्ड अँड पुअर ५०० हा निर्देशांक एका दिवसात सुमारे २०.५ टक्के कोसळला. दैनिक परताव्याचे प्रमाण विचलन सुमारे १ टक्का असताना प्रसामान्य वितरणानुसार अशी घटना विश्वाच्या आयुष्यातही घडावयास नको होती. अलेक्झांडर मॅकनील यांनी पुढे १९६० पासून आदल्या शुक्रवारपर्यंतचे आकडे घेऊन, त्या संध्याकाळी काय सांगता आले असते हे तपासले. २८ वार्षिक महत्तम तोट्यांवरून पन्नास वर्षांतून एकदा येणारी घसरण सुमारे ७.४ टक्के निघाली. परंतु तिची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ४.९ पासून २४ पर्यंत पसरलेली होती. भाकित चुकले असे म्हणण्यापेक्षा अनिश्चितता प्रामाणिकपणे नोंदली गेली असे म्हणणे योग्य ठरेल. जवळजवळ सात हजार दिवसांपैकी २८ च वापरले गेले, हेही लक्षात घ्यावयास हवे.

उंबरठ्याच्या पद्धतीची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, २,५०० दिवसांपैकी १०० दिवशी तोटा २ टक्क्यांहून अधिक होता, म्हणजे उंबरठा ओलांडण्याची संभाव्यता ४ टक्के आहे. त्या १०० आधिक्यांवरून β = ०.७ टक्के व ξ = ०.३ असे आले. हजार दिवसांतून एकदा ओलांडला जाणारा तोटा काढावयाचा असेल, तर ०.००१ ला ०.०४ ने भागून ०.०२५ मिळते, सूत्र उलटविले की आधिक्य ४.७ टक्के येते. उंबरठा मिळविता उत्तर सुमारे ६.७ टक्के. २ टक्क्यांपलीकडे तितकेच ४ टक्के दिवस पडतील असे शून्य माध्याचे प्रसामान्य वितरण घेतल्यास हेच उत्तर ३.५ टक्के येते. तो तोटा ओलांडला गेलाच, तर सरासरी किती हानी होईल याचे उत्तर सुमारे ९.७ टक्के आहे. आता β तोच ठेवून ξ केवळ ०.४ केला, तर पहिले उत्तर ७.९ व दुसरे १३ टक्क्यांवर जाते. शंभर निरीक्षणांवरून ξ मध्ये एवढी चूक सहज संभवते.

उंबरठा कोठे धरावा याला निश्चित नियम नाही आणि पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग हाच आहे. तो फार खाली ठेवल्यास मध्यभागाचे दिवस पुच्छात शिरतात व प्रमेय लागू पडत नाही. फार वर नेल्यास हाती मोजकीच निरीक्षणे उरतात. म्हणून निरनिराळ्या उंबरठ्यांवरील सरासरी आधिक्याचा आलेख काढतात. वितरण योग्य असेल, तर तो सरळ रेषेत जातो. उंबरठा वर सरकविताना ξ चे अनुमान स्थिर न राहता एकाच दिशेने वाहत गेले, तर निवडलेला उंबरठा अपुरा उंच होता असे समजावे.

दुसरी अडचण काळाची. मोठे तोटे सुटे येत नाहीत, पुंजक्यांनी येतात. १९८७ चा सोमवारही अशाच अस्वस्थ आठवड्यानंतर आला, ज्यात निर्देशांक सुमारे ९ टक्के उतरला होता. आधिक्ये परस्परस्वतंत्र मानल्यास शांत काळात धोका अधिक व वादळी काळात कमी भासतो. यावर मॅकनील व र्‍यूडिगर फ्राय यांनी २००० मध्ये पुढील उपाय सुचविला : प्रथम त्या त्या दिवसाच्या अस्थिरतेचे प्रतिमान बसवावे, परताव्यांना त्या अस्थिरतेने भागावे आणि उरलेल्या शेषांच्या पुच्छासच उंबरठ्याची पद्धत लावावी. मग आलेले उत्तर उद्याच्या अपेक्षित अस्थिरतेने गुणले, की उद्याचा अंदाज मिळतो.