पंचमांची उतरंड

इ. स. १७२० सालीं लंडन येथें हेंडेल या संगीतकारानें हार्पसिकॉर्ड या वाद्यासाठीं रचलेल्या आपल्या गतींचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील सातव्या मालिकेच्या अखेरीस 'पासाकाय' नांवाची एक रचना आहे. तिचा पाया अवघ्या चार खंडांचा. प्रत्येक खंडांत दोन, असे एकंदर आठ स्वरसंघ एकामागून एक येतात. आठवा येतो तेव्हां आपण निघालों त्याच ठिकाणीं परत पोंचलेले असतों आणि तीच फेरी पुन्हां सुरू होते. फेरीगणिक वरची नक्षी बदलते, पण पाया तोच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाल्वोर्सेन या नॉर्वेजियन व्हायोलिनवादकानें व्हायोलिन आणि व्हिओला यांच्यासाठीं या रचनेचें रूपांतर केलें आणि तिची कीर्ति आणखी पसरली. या रचनेचें नवल असें कीं, पाश्चात्य संगीताचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही दोन-तीन फेऱ्या ऐकल्यावर 'आतां पुढचें पाऊल येथेंच पडणार' असें वाटूं लागतें, आणि तें तेथेंच पडतें. ही अटळपणाची भावना कोठून येते, आणि ती निसर्गाची देणगी आहे कीं माणसाची करणी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या संगीतांत षड्ज अढळ असतो. तंबोऱ्यावर तो अखंड वाजत राहतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशीं नातें जोडतात. युरोपीय पद्धतींत वरच्या सुरावटीखालची जमीनच सरकत असते. सप्तकांतील कोणताही स्वर घ्यावा, त्याच्यावरचा तिसरा व पांचवा स्वर त्याच्याबरोबर वाजवावा, म्हणजे एक स्वरसंघ झाला. ज्या स्वरावर तो उभारला त्याला आपण त्या संघाचा मूळ स्वर म्हणूं. हेंडेलच्या रचनेचा षड्ज मानला, तर तिचें सप्तक आपल्या आसावरी थाटाचें ठरतें. म्हणजे ग, ध आणि नि हे कोमल. पुढील विवेचनांत हे तीन स्वर कोमलच समजावेत. शुद्ध नि जेथें येईल तेथें तसें सांगितलें आहे.

आतां आठ पावलें पाहूं. मूळ स्वरांचा क्रम असा: सा, म, नि, ग, ध, रे, प, सा. सा पासून पंचमाइतकें अंतर खालीं उतरलें कीं मंद्रांतला म लागतो. म पासून तितकेंच उतरलें कीं नि. नि पासून ग. ग पासून ध. प्रत्येक वेळीं खालींच जाऊं लागल्यास खर्जाची मर्यादा लवकरच संपेल, म्हणून वादक एकदां पंचमानें उतरतो आणि एकदां त्याच नांवाचा वरचा स्वर गांठण्यासाठीं मध्यमानें चढतो. स्वर तेच राहतात, वाट मात्र नागमोडी होते.

या उतरण्यांत ओढ कशी निर्माण होते, तें पहिल्याच पावलांत दिसतें. सा चा संघ म्हणजे सा-ग-प. म चा संघ म्हणजे म-ध-सा. पहिल्या संघांत मूळ स्वराच्या पदावर असलेला सा दुसऱ्यांतही आहे, पण आतां तो म चा पंचम झाला आहे. कालचा राजा आज नव्या राजाच्या दरबारीं मानकरी होऊन बसावा, तसें हें होय. शिवाय नवा मूळ स्वर म पहिल्या संघांत नव्हता. तो खरोखर नवा येतो. याच्या उलट, पंचमानें चढत सा वरून प च्या संघावर गेलें, तर नवा मूळ स्वर प आधींच पहिल्या संघांत वाजून गेलेला असतो. त्याच्या आगमनांत नवलाई उरत नाहीं. पेटीवर हीच आठ पावलें उलट क्रमानें वाजवून पाहावींत. तींही कर्णमधुर वाटतील, पण घराकडे निघाल्याचा भास त्यांत पुष्कळ कमी होईल.

ओढीचें कारण हें झालें, आतां गुळगुळीतपणाचें. खर्ज सारखा चार-पांच पायऱ्यांच्या उड्या मारीत असतां कानाला धक्का कां बसत नाहीं? याचें उत्तर वरच्या आवाजांत आहे, आणि तें प्रथम पूर्णपणें कळलें तें इटलींत. आर्कांजेलो कोरेल्लीनें रोममध्यें १६८१ सालीं आपल्या बारा रचनांचा पहिला संग्रह छापला. त्यांत वर दोन व्हायोलिनें आणि खालीं खर्ज अशी मांडणी होती. या दोन व्हायोलिनांचा एक ठराविक डाव असे: एकानें आपला स्वर धरून ठेवायचा, दुसऱ्यानें एक पायरी उतरायचें; मग दुसऱ्यानें धरायचें आणि पहिल्यानें उतरायचें. आपल्या आठ पावलांवर हा डाव मांडून पाहूं. पहिला आवाज असा चालतो: ग, ग, रे, रे, सा, सा, शुद्ध नि, सा. दुसरा असा: प, ध, ध, प, प, म, म, ग. दोन्ही ओळी खर्जाशिवाय गुणगुणून पाहाव्यात. त्यांत उडी अशी एकही नाहीं.

यांतली मेख अशी. पहिल्या संघांतला ग हा सा पासून तिसरा स्वर, म्हणून स्वस्थ. खर्ज म वर जातो आणि पहिला आवाज ग तसाच धरून ठेवतो. आतां तो म पासून सातवा ठरतो, म्हणजे विसंवादी. जागेवर असतांच तो बेचैन झाला. ही बेचैनी मिटविण्यास त्याला एकच पायरी उतरून रे वर यायचें असतें, आणि तो रे वर येतो त्याच क्षणीं खर्ज नि वर पोंचतो, ज्याचा रे हा तिसरा स्वर आहे. पहिला आवाज असा स्वस्थ झाला न झाला तोंच दुसऱ्या आवाजानें धरलेला ध हा नि पासून सातवा होऊन बेचैन होतो आणि पुढच्या पावलाला प वर उतरतो. एकाची गांठ सुटते तेव्हांच दुसऱ्याची बसते. सर्व एकदम स्वस्थ झाले असा क्षण शेवटच्या सा पर्यंत येतच नाहीं; म्हणून मध्यें थांबावें असें कानाला वाटत नाहीं. हेंडेल १७०६ ते १७१० पर्यंत इटलींत होता, आणि १७०८ सालीं रोममध्यें त्याच्या एका धार्मिक संगीतकृतीच्या वाद्यवृंदाचें नेतृत्व खुद्द कोरेल्लीनें केलें होतें. ही विद्या त्याला उगमापाशींच मिळाली.

तथापि या उतरंडींत एक लबाडी आहे, आणि तिच्यावांचून ती घरीं पोंचलीच नसती. खरा पंचम सात अर्धस्वरांचा. सात पावलांत सात खरे पंचम उतरलें तर एकोणपन्नास अर्धस्वर होतात. पण चार सप्तकें म्हणजे अठ्ठेचाळीस. म्हणजे प्रामाणिकपणें चालणारा माणूस घराचें दार एका अर्धस्वरानें चुकवून पुढें जाईल. म्हणून ध वरून उतरतांना खऱ्या पंचमानें लागणारा कोमल रे टाळून शुद्ध रे वर पाऊल ठेवतात. हें अंतर सहाच अर्धस्वरांचें आहे. सातांतला हा एक तोकडा पंचम वर्तुळ जुळवून देतो. तो टाळून खऱ्या पंचमांनींच चालत राहिलें, तर घर गांठण्यास बारा पावलें लागतात, मध्यें परक्या सप्तकांतून भटकावें लागतें, आणि पंचम निसर्गशुद्ध असतील तर बारा पावलांनंतरही सुमारें पाव अर्धस्वराची चूक उरते.

१७२२ सालीं पॅरिसमध्यें रामो यानें आपला स्वरसंहतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या चालीला प्रथमच शास्त्राचा आधार दिला. तार विभागली असतां सप्तकानंतर पहिला मिळतो तो पंचम. तेव्हां मूळ स्वराची स्वाभाविक गति पंचमाचीच, असें त्याचें म्हणणें. सातवा स्वर घेऊन पंचमानें उतरूं पाहणाऱ्या प्रत्येक संघाला त्यानें 'दोमिनांत' ही एकच संज्ञा दिली. त्याच्या मतें ही सारी माळ म्हणजे लांबविलेला समाप्तीचा आभासच होय. उपपत्ति देखणी खरी, पण अपुरी. पंचमाचें नातें आपल्याकडेही अपरिचित नव्हतें. नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी, असें नाट्यशास्त्रांतच सांगितलें आहे. तरी त्या नात्यांतून आपल्याकडे ही उतरंड निघाली नाहीं. शिवाय रामोचा निसर्ग त्या तोकड्या पंचमापाशीं मुका होतो. बेल्जियन पंडित फेतीस यानें १८४४ सालीं दुसरी बाजू मांडली. त्याच्या मतें अशा माळेंत मन एकसारख्या आकृतीच्या पुनरावृत्तींत गुंगून जातें, षड्जाची जाणीव तेवढ्यापुरती मावळते, आणि शेवटच्या समाप्तीबरोबर ती परत येते. तोकडा पंचम कां खपून जातो, तें यावरून उमगतें: पांचवें पाऊल पडेपर्यंत कान चालीला इतका सरावलेला असतो कीं, तो अंतर मोजीतच नाहीं.

तो केव्हां मोजूं लागतो, तेंही सांगितलें पाहिजे. हेंडेलनें रे चा संघ तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धांत ठेवून लगेच प कडे नेला आहे. तेथेंच थांबून पाहावें. रे पासून ध हा त्या संघाचा स्वतःचा पंचमही तोकडा असल्यानें सारा डौल कोसळतो. दुसरी चूक शुद्ध नि ची. तो प च्या संघांतच यावा. अगोदर कोमल नि च्या जागीं घुसला तर कानाला शेवट आल्याचा भास होतो आणि पुढची पावलें उपरीं ठरतात. तिसरी चूक हांवेची. प्रत्येक संघांत सातव्यासह चारही स्वर कोंबले, तर म च्या संघांतल्या सा ला पुढच्या संघांतला म गांठण्यासाठीं उडी घ्यावी लागते आणि गुळगुळीतपणा जातो. म्हणून जाणते रचनाकार एकाआड एक संघांतून पंचम गाळतात आणि तो सा एक पायरी उतरून नि वर येतो.

१९४५ सालीं जोझेफ कोस्मा यानें पॅरिसमध्यें बांधलेलें आणि पुढें जाझवादकांनीं जगभर नेलेलें 'ले फॉय मॉर्त' हें गीत याच उतरंडीच्या दुसऱ्या पायरीवरून, म्हणजे म वरून, सुरू होतें आणि तोकड्या पंचमासह सा वर येतें. हेंडेल व कोस्मा यांच्यामध्यें सव्वादोनशें वर्षें गेलीं, वाद्यें बदललीं, श्रोते बदलले. पायऱ्या बदलल्या नाहींत. पंचमाचा उतार निसर्गानें दिला, हें रामोचें म्हणणें मान्य करावें. परंतु त्या उतारावर पायऱ्या बांधल्या त्या रोममधील दोन व्हायोलिनांनीं, आणि शेवटचें अंतर जुळावें म्हणून त्यांतली एक पायरी हेतुपुरस्सर आंखूड ठेवली ती माणसानेंच. अटळ वाटणाऱ्या या चालींत माणसाचा हात असा त्या एका आंखूड पायरीवर उघड दिसतो.