अपयश सांगताना परिस्थिती वगळू नका

"कामात तुम्ही अपयशी ठरलात, असा एखादा खरा प्रसंग सांगा." नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आता ठरलेलाच असतो, मग ती सुप्याच्या एमआयडीसीतली कंपनी असो, संगमनेरकडची डेअरी असो की एखादी स्वयंसेवी संस्था. त्याचे उत्तर कसे द्यावे याबद्दलचा सल्लाही तितकाच ठरलेला आहे. कॉलेजांच्या प्लेसमेंट कक्षापासून खासगी क्लासपर्यंत तो जवळजवळ एकाच शब्दांत दिला जातो. हा सल्ला मुळात चुकला आहे असे माझे मत आहे. पण त्याला आधार नाही असे मात्र नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडतो.

पूर्वपक्ष असा: मुलाखत म्हणजे कबुलीजबाब नव्हे. समोरच्या माणसाला शंभर अर्जांतून दोघे निवडायचे असतात, म्हणून तो नाकारायला निमित्त शोधत असतो. तेव्हा अपयश लहान, जुने आणि निरुपद्रवी निवडावे. शेवटी ते यशात बदललेले असावे. परिस्थितीचे, वरिष्ठांचे किंवा सहकाऱ्यांचे नाव काढू नये, कारण ती सबब ठरते. दोष सगळा स्वतःकडे घ्यावा, 'यातून मी संवादाचे महत्त्व शिकलो' असे एक वाक्य जोडावे आणि थांबावे.

नाकारले जाण्याची भीती खरी आहे, हे मला मान्य आहे. पण प्रश्न कशासाठी विचारला जातो हेच या सल्ल्यात विसरले गेले आहे. अशा मुलाखतीमागचे गृहीतक साधे आहे: माणूस पुढे कसा वागेल याचा चांगला अंदाज तो पूर्वी प्रत्यक्ष कसा वागला यावरून येतो. म्हणून प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने हकिकत काढून घेतली जाते. अपयशाच्या प्रश्नात पाहायचे असते ते एवढेच की, आपली समजूत चुकीची ठरल्यावर हा माणूस ती बदलतो का, आणि बदललेली समजूत त्याच्या कामात दिसते का. निरुपद्रवी अपयशात मुळात चुकलेली समजूतच नसते. 'एकदा अहवाल दोन दिवस उशिरा दिला' या उत्तराला जाणकार मुलाखतकार विचारतो, "उशीर होणार हे तुम्हाला केव्हा कळले? तेव्हा काय ठरवलेत? त्यानंतरच्या कामात काय वेगळे केलेत?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत उमेदवाराकडे सांगायला काही उरत नाही, कारण त्या प्रसंगात निर्णय असा घेतलेलाच नसतो.

आता परिस्थिती वगळण्याचा मुद्दा. माझा खरा आक्षेप इथे आहे आणि त्यासाठी जामखेडचे उदाहरण घेतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हे काम नावाजले गेले, पण त्याच्या मुळाशी दोन व्यावसायिक अपयशे आहेत.

पहिले अपयश जामखेडच्या आधी ते दोघे काम करत होते त्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयातले, १९६० च्या दशकातले. रुग्णालयात गर्दी होती, उपचार चांगले होते, रोगी बरे होऊन घरी जात होते. पण तेच आजार पुन्हा येत राहिले, कारण त्यातले बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते आणि रुग्णालयाच्या भिंतीबाहेर काहीच बदलत नव्हते. आता प्रचलित सल्ल्याप्रमाणे या अपयशाचा शेवट गोड हवा. तो तसा झाला नाही. वडाळ्याचे रुग्णालय सुधारून दाखवण्याऐवजी दोघांनी तिथले काम सोडले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि परत येऊन दुसऱ्याच ठिकाणी वेगळ्या तत्त्वावर काम मांडले. शिकणे त्याच कामात फळाला आले पाहिजे असे नाही. ते पुढच्या कामाच्या रचनेत दिसले तरी पुरेसे आहे, आणि पुष्कळदा ते तिथेच दिसते.

दुसरे अपयश जामखेडमधले, आणि मुलाखतीच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहे. सुरुवातीची योजना अशी होती की प्रशिक्षित एएनएम, म्हणजे नर्सबाईंनी गावात राहून आरोग्याचे काम करायचे. कागदावर योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात ती चालली नाही. तरुण, बाहेरगावच्या मुलींना गावात एकटे राहणे सुरक्षित वाटेना. गावकऱ्यांना त्या परक्या वाटत. बाळंतपण, मुलांचे खाणे, जुन्या समजुती यांबद्दल त्यांनी सांगितलेले बायका ऐकून घेत, पण मानत नसत.

यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे परिस्थितीच होती आणि खरी होती. 'नर्स गावात राहायला तयार नव्हत्या, समाज मागासलेला होता' असे सांगून आरोळे दांपत्य थांबले असते, तर ती शुद्ध सबब झाली असती. उलट 'आम्हीच कमी पडलो, आम्ही जास्त प्रयत्न करायला हवे होते' असे म्हणाले असते, तर ते नम्र वाटले असते, पण त्यातूनही काही हाती लागले नसते. जास्त प्रयत्न म्हणजे पुन्हा आणखी नर्स नेमणे! त्यांनी केले ते या दोन्हींपेक्षा वेगळे. परिस्थितीचा प्रत्येक तपशील तसाच ठेवून, आपल्या योजनेतल्या कोणत्या गृहीताला तो छेद देतो, हे त्यांनी शोधले. ते गृहीत असे होते: आरोग्याचे काम करणारी व्यक्ती आधी शिकलेली हवी, मग ती कुठलीही असो. गावाने दाखवून दिले की ती आधी गावची हवी, शिक्षण नंतर देता येते.

निर्णय त्यातूनच बदलला. गावाने निवडलेल्या गावातल्याच स्त्रिया, अनेकदा निरक्षर आणि दलित समाजातल्या, आरोग्यसेविका झाल्या. त्या नियमित जामखेडला येऊन शिकत आणि गावी परत जात. डॉक्टर, नर्स आणि सामाजिक कार्यकर्ता यांचे फिरते पथक त्यांच्या पाठीशी राहिले. नर्सचे काम संपले नाही, तिची जागा बदलली. हे सगळे, नर्सची योजना फसल्याच्या हकिकतीसह, आरोळे दांपत्याने स्वतः लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकसहभागाच्या आरोग्यकार्यावरील पुस्तकात जामखेडचे प्रकरण त्यांचेच आहे. मॅगसेसे पुरस्कार त्यानंतर, १९७९ मध्ये मिळाला. अपयश उघड सांगितल्याने काम नाकारले जाते, या भीतीला हे उत्तर मला पुरेसे वाटते.

तेव्हा सबब आणि स्पष्टीकरण यांतला फरक परिस्थितीचे नाव घेण्या-न घेण्यात नाही. परिस्थितीवर वाक्य संपले तर ती सबब होते. परिस्थितीकडून वाक्य स्वतःच्या गृहीतकाकडे आणि तिथून निर्णयाकडे गेले तर ते स्पष्टीकरण होते. परिस्थिती वगळली तर ऐकणाऱ्याला गृहीतक कळायला मार्गच राहत नाही. मग उरतो तो नुसता पश्चात्ताप, आणि त्यावरून कोणाची पारख करता येत नाही.

हे नोकरीच्या उत्तरात कसे उतरेल? एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. राहाता तालुक्यातल्या दूध संकलन केंद्राचा सुपरवायझर मोठ्या डेअरीत मुलाखतीला आला आहे. मे महिन्यातल्या एका रात्री त्याचे २,००० लिटर दूध नासले. संध्याकाळचे ताजे दूध सुमारे ३५ अंशांना बल्क कूलरमध्ये पडले, ते ४ अंशांवर आणायचे होते. तासाभरात, दूध २४ अंशांवर असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण कॉम्प्रेसरचा भार पडताच बंद पडला. वीज पहाटे चारला आली. सकाळी डेअरीच्या गेटवर नमुना उकळून पाहिला तर फुटला, आणि टँकर परत आला.

'वीज गेली आणि जनरेटरवाल्याने सर्व्हिसिंग केले नव्हते' ही सबब. 'सगळी चूक माझी, मी अधिक दक्ष राहायला हवे होते' हे क्लासमधले उत्तर. ज्यातून शिकणे दिसते ते उत्तर असे असेल: "जनरेटर दर आठवड्याला चालवून पाहिल्याची नोंद रजिस्टरला होती आणि तिच्यावर माझीच सही होती. पण ती चाचणी भाराशिवायची होती. इंजिन सुरू झाले म्हणजे ते कॉम्प्रेसर ओढेल, असे मी धरून चाललो. दुसरी चूक त्याहून मोठी. पूर्ण थंड झालेले दूध बंद टाकीत बराच वेळ टिकते, हा अनुभव माझ्या डोक्यात होता. पण हे दूध थंड झालेलेच नव्हते. वीज येईल म्हणून मी थांबलो. पहिल्या तासात टँकर मागवून जवळच्या शीतकरण केंद्रात दूध हलवले असते तर ते बहुधा वाचले असते. आता जनरेटरची चाचणी कॉम्प्रेसर जोडूनच होते. आणि थंड होता होता वीज गेली तर अर्ध्या तासात टँकरला फोन करायचा, माझ्या परवानगीची वाट पाहायची नाही, असे ऑपरेटरला लिहून दिले आहे. टँकर रात्री मिळेलच याची खात्री मात्र अजून नाही."

या उत्तरात वीज आहे, जनरेटर आहे, उन्हाळाही आहे. तरी ते सबबीसारखे वाटत नाही, कारण प्रत्येक गोष्ट त्याच्या एखाद्या निर्णयापाशी येऊन थांबते. 'मी शिकलो' हे शब्द त्यात कुठेही नाहीत. ऑपरेटरला दिलेला कागद ते काम करतो. शेवटचे वाक्य तर क्लासवाले हमखास खोडतील. माझ्या मते तेच सर्वात विश्वासार्ह आहे, कारण उपायाची मर्यादा ज्याने उपाय वापरून पाहिला त्यालाच ठाऊक असते.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मी मान्य करतो. प्रत्येक अपयश मुलाखतीत सांगण्यासारखे नसते. अप्रामाणिकपणाचा प्रसंग, दुसऱ्याचे गुपित उघड होईल असा प्रसंग, किंवा अजून चौकशी चालू असलेली बाब तिथे आणू नये. कालच घडलेले अपयशही टाळावे, कारण त्यानंतर काही बदलून पाहायला वेळच मिळालेला नसतो. पण ही निवड नुकसानीच्या आकारावरून करायची नाही. माझी कोणती समजूत मोडली आणि त्यानंतर मी काय बदलले, हे दोन वाक्यांत सांगता येते का, यावरून करायची.

राहिला प्रश्न टेबलापलीकडे बसणाऱ्यांचा. निरुपद्रवी उत्तरांना पूर्ण गुण देऊन ही सवय त्यांनीच लावली आहे. त्यांना माझी विनंती आहे की उमेदवाराने परिस्थितीचे नाव काढताच चेहरा कठोर करू नका. "तेव्हा तुम्ही काय धरून चालला होतात?" एवढे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.