हळदीचा वायदा आणि समोरचा माणूस

आपल्या सीमाभागात पिकाच्या भावाचा प्रश्न निघाला, की निपाणीचे 1981 चे तंबाखू आंदोलन आठवतेच. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखूला वायदेबाजार नव्हता. भाव पडण्याची सारी जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावर होती आणि भाव ठरवणारा मात्र खरेदीदार व्यापारी. ही जोखीम घ्यायला तिसरा कोणी उभाच नव्हता.

असा तिसरा माणूस निपाणीहून फार दूर नव्हता. सांगलीच्या पेठेत हळदीचे वायदे होत. आपल्या रायबाग-चिकोडीकडची हळदही याच पेठेत जाते. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली पेवे होती. हवा न लागता हळद त्यांत वर्षानुवर्षे किडीशिवाय राही. माल टिकतो, मोजता येतो आणि जागेवरून न हलवता विकता येतो, म्हणूनच पुढच्या तारखेचा सौदा शक्य झाला. 2005 च्या महापुरात यांतील बरीच पेवे निकामी झाली. तोवर वायदा संगणकावर गेला होता. 2003 मध्ये सुरू झालेल्या एनसीडीईएक्स या बाजारात आज हळदीचा सौदा होतो आणि त्याचा भाव निजामाबादच्या मालावर ठरतो.

शेतकरी तो वापरतो कसा? समजण्यापुरते आकडे घेऊ. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ऑक्टोबरात एप्रिलचा वायदा क्विंटलला 14,000 रुपये आहे. पन्नास क्विंटल अपेक्षित असलेला शेतकरी तेवढीच हळद वायद्यात विकतो. एप्रिलमध्ये वायदा 11,000 वर येतो. वायद्यात त्याला क्विंटलमागे 3,000, म्हणजे एकूण दीड लाख रुपये मिळतात. प्रत्यक्ष माल तो सांगलीत 10,800 ला विकतो. हाती पडले 13,800. उलट वायदा 17,000 वर गेला आणि सांगलीत 16,800 मिळाले, तर वायद्यातले 3,000 जाऊन पुन्हा 13,800 च राहतात. वायदा भाव वाढवून देत नाही, फक्त आधी बांधून देतो. निजामाबाद आणि सांगली यांच्या भावातले अंतर मात्र बांधले जात नाही. ते 200 ऐवजी 900 झाले, तर तेवढा फटका बसतोच.

खरी अडचण वेगळीच आहे. भाव चढू लागला, की तोट्याची रक्कम रोजच्या रोज भरावी लागते, आणि हळद तर अजून जमिनीत असते. दीड लाख आणायचे कुठून? त्यातच कंदकूज लागून तीसच क्विंटल हळद निघाली, तर उरलेल्या वीस क्विंटलचा 60,000 रुपयांचा तोटा भरून काढायला मालच नसतो. म्हणून जाणकार अपेक्षित पिकाचा निम्माच भाग बांधतात. एकराच्या शेतकऱ्याला वायद्याचा मोठा सौदाही पेलत नाही. त्याला गटातूनच जावे लागते.

आता समोर कोण असतो? एक मसाला कारखानदार. त्याने पुढच्या वर्षीच्या पुड्यांचा दर आजच कबूल केलेला असतो, त्यामुळे त्याला भाव चढण्याची भीती. निर्यातदाराचेही तेच. पण हळद साठवून बसलेला व्यापारी त्यांच्या बाजूला नसतो. भाव पडण्याची भीती असल्याने तोही शेतकऱ्यासारखा वायद्यात विकतो. विकणारे जास्त आणि घेणारे कमी पडले, की ती पोकळी भरतो सटोडिया. त्याला हळद नको असते. भाव चढेल या आशेवर तो जोखीम विकत घेतो. आपल्या घरांत सट्टा हा शब्द वाईट अर्थानेच उच्चारला जातो, आणि त्याला कारणही आहे. मुंबईचा मटका न्यूयॉर्कच्या कापसाच्या दरांवरील आकड्यांतूनच जन्मला. तरी सटोडिया नसेल, तर ऑक्टोबरात शेतकऱ्याची हळद घ्यायला अनेकदा कोणीच नसते.

हाच सटोडिया माल दाबून बसला, तर बाजार बिघडतो. त्याची खूण सोपी आहे. मुदत संपत येईल तसे वायद्याचे आणि पेठेतले भाव जवळ यायला हवेत. ते दूर जाऊ लागले, की काही तरी शिजते आहे असे समजावे.

याच भीतीपोटी सरकार वायदे बंद करत आले आहे. 2007 मध्ये गहू आणि तूर यांचे वायदे थांबले. वायद्यांमुळेच महागाई झाली, असे अभिजित सेन समितीला ठामपणे म्हणता आले नाही. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदेही थांबवले गेले आणि पुढे त्या बंदीची मुदत वाढत गेली. सोयाबीन तर आपल्या निपाणी-चिकोडीच्या शिवारातले पीक. वायदा बंद झाल्याने भावातली जोखीम काही नाहीशी झाली नाही. 1981 च्या तंबाखूसारखीच ती पुन्हा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर आली.