थायरॉइड चाचण्यांचे वाचन
वैद्यकीय परीक्षेतील प्रकरणात टीएसएच आणि मुक्त टी-४ हे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. टीएसएच वाढलेले व टी-४ कमी असेल, तर दोष थायरॉइड ग्रंथीतच असतो. टीएसएच दबलेले व टी-४ वाढलेले असेल, तर ती अतिक्रिया. खरी फसगत होते ती टीएसएच ‘नॉर्मल’ दिसते तेव्हा.

समजा, मेहकर तालुक्यातील ३४ वर्षांची स्त्री बुलढाण्याच्या रुग्णालयात येते. बाळंतपणात तिला अतिरक्तस्राव झाला होता. नंतर दूध आले नाही, पाळीही परतली नाही. आता थकवा येतो आणि थंडी सोसत नाही. टीएसएच २.१ (सामान्य ०.४ ते ४.०), मुक्त टी-४ मात्र ०.५ (सामान्य ०.८ ते १.८). टी-४ एवढे घटल्यावर निरोगी पीयूषिका ग्रंथीने टीएसएच कितीतरी वाढवले असते. ते वाढले नाही, म्हणून दोष पीयूषिकेत: ही दुय्यम अल्पक्रिया, बहुधा शीहान विकार. केवळ टीएसएच मागवणाऱ्याला तो सापडणार नाही.

थायरॉक्सिनपूर्वी सकाळचे कॉर्टिसॉल तपासावे. ते कमी असल्यास आधी हायड्रोकॉर्टिसोन द्यावे, अन्यथा अधिवृक्क संकट ओढवू शकते. पुढे मात्रा टी-४ पाहून ठरते, टीएसएच पाहून नव्हे.