शब्दसमूहाबद्दल एक शब्द (इंग्रजी)

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी विभागातील प्रश्नप्रकार. दिलेल्या वर्णनासाठी पर्यायांतून नेमका शब्द निवडायचा असतो. शब्दाचा ग्रीक शेवट त्याचा वर्ग सांगतो : फोबिया म्हणजे भीती, क्रसी म्हणजे सत्ता, ऑलॉजी म्हणजे शास्त्र. पण बरेचदा सगळ्याच पर्यायांचा शेवट एक असतो; तेव्हा निवाडा सुरुवातीचा घटक करतो. ‘श्रीमंतांचे राज्य’ यासाठी ऑटोक्रसी, थिऑक्रसी, ब्युरोक्रसी, प्लुटोक्रसी असे पर्याय समजा. ऑटो म्हणजे स्वतः, थिओ म्हणजे देव, ब्युरो म्हणजे कचेरी. प्लुटोस म्हणजे संपत्ती, म्हणून उत्तर प्लुटोक्रसी. केवळ शेवटावर विसंबणे धोक्याचे : अपॉलॉजी हे शास्त्र नव्हे, माफी आहे, हायड्रोफोबिया हे रेबीजचेही नाव आहे.